उणे ३१ की उणे ४७? बोचऱ्या वाऱ्यात हिमदंशाचा धोका नेमका कोणता आकडा सांगतो

३० जानेवारी २०१९ची सकाळ. अमेरिकेतल्या शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर पारा उणे ३१ अंश सेल्सियसच्या आसपास घसरला होता. उकळतं पाणी हवेत भिरकावून त्याचा धूर कसा होतो, याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते (त्या नादात काहींनी स्वतःला भाजूनही घेतलं). आजूबाजूच्या अनेक राज्यांत टपाल वाटप थांबवण्यात आलं होतं. आणि बातम्यांमध्ये, फॉरवर्डमध्ये एक वेगळाच आकडा दिसत होता: उणे ४७.

मग खरं तापमान किती होतं? उणे ३१. उणे ४७ हा 'विंड चिल'चा, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचा आकडा होता. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये 'फील्स लाइक' म्हणून जे दिसतं, त्यामागे थंडीच्या दिवसांत बहुतेक वेळा हाच हिशोब असतो.

शिकागो, टोरांटो, मिनियापोलिस अशा शहरांत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांच्या घरी दर हिवाळ्यात या आकड्यांचे स्क्रीनशॉट येतात. पुण्या-मुंबईहून केदारकंठाला किंवा लडाखला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरही ते फिरतात. पण उघडी त्वचा गोठेल का, हा प्रश्न असेल तर हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. शिवाय एक तिसरा आकडा असतो, जो कुठल्याच ॲपवर दिसत नाही.

वारा नेमकं काय करतो?

चेहऱ्याच्या त्वचेचं तापमान आरामात बसलेलं असताना साधारण ३२ ते ३४ अंश असतं. त्वचेला लागून हवेचा एक पातळ थर असतो. शरीराच्या उबेने तो थर कोमट होतो आणि पांघरुणाचं काम करतो. वारा सुटला की हा थर उडून जातो, त्याच्या जागी गार हवा येते, ती कोमट होईपर्यंत तीही उडते. शरीर ऊब पुरवत राहतं, पण वारा ती त्याहून वेगाने घेऊन जातो.

आता एक घरगुती प्रयोग डोळ्यांसमोर आणा. गॅसवरून उतरवलेला तापलेला तवा पंख्याखाली ठेवला तर लवकर निवतो. पंख्याशिवाय ठेवला तर वेळ लागतो. पण पंखा कितीही जोरात फिरवला तरी कोरडा तवा खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही. तो खोलीच्या तापमानाला येऊन थांबतो.

त्वचेचंही तसंच. वारा त्वचेला हवेच्या तापमानाकडे वेगाने नेतो, त्याच्या खाली नेऊ शकत नाही. त्यामुळे शिकागोत त्या दिवशी बाहेर ठेवलेली पाण्याची बाटली किंवा गाडीचं इंजिन उणे ४७ अंशांना कधीच गेलं नाही. ते फार तर उणे ३१पर्यंत जाऊ शकत होतं, फक्त तिथे लवकर पोहोचलं.

यातून पहिली महत्त्वाची गोष्ट निघते. हवेचं तापमान २ अंश आहे आणि ताशी ६० किलोमीटरने वारा सुटला आहे असं समजा. सूत्राप्रमाणे विंड चिल येतो उणे ६. स्क्रीनशॉट काढण्याजोगा आकडा. पण या हवेत कोरडी त्वचा गोठू शकत नाही, कारण हवाच शून्याच्या वर आहे. हुडहुडी भरेल, कपडे ओले असतील तर शरीराचं आतलं तापमान घसरून जिवावरही बेतू शकतं, पण हिमदंश होणार नाही. हिमदंश म्हणजे त्वचेतलं आणि तिच्याखालच्या ऊतींमधलं पाणी गोठून बर्फाचे कण तयार होणं. त्यासाठी हवा शून्याच्या खाली असायलाच हवी.

हा आकडा आला कुठून?

विंड चिलचा जन्म अंटार्क्टिकाचा. पॉल सिपल हा अमेरिकी तरुण १९२८मध्ये बॉय स्काउट म्हणून ॲडमिरल बर्ड यांच्या मोहिमेत तिथे गेला आणि पुढे संशोधक झाला. १९३९ ते १९४१ या काळातल्या मोहिमेत त्याने चार्ल्स पासेल या सहकाऱ्याबरोबर एक साधा प्रयोग केला. प्लास्टिकच्या एका नळकांड्यात पाणी भरून ते तळावर बाहेर वाऱ्यात टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो, हे वेगवेगळ्या तापमानात आणि वाऱ्यात मोजत राहिले. १९४५मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

पुढची कित्येक दशकं या नळकांड्यावरून बेतलेलं सूत्र हवामानाच्या बातम्यांत वापरलं गेलं. अडचण उघड होती. प्लास्टिकचं नळकांडं म्हणजे माणसाचा गाल नव्हे. त्यात रक्त फिरत नाही, आतून ऊब येत नाही. त्यामुळे जुनं सूत्र गारठा वाढवून दाखवायचं. शिकागोतल्या त्या सकाळचे आकडे जुन्या सूत्रात टाकले तर विंड चिल उणे ४७ऐवजी उणे ५७ येतो!

२००१मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सूत्र बदललं. रँडल ओस्चेव्हस्की आणि मॉरिस ब्लूस्टीन या दोघांनी नवं गणित मांडलं आणि ते तपासायला टोरांटोच्या एका संरक्षण संशोधन संस्थेत बारा स्वयंसेवकांना, सहा पुरुष आणि सहा स्त्रियांना, थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं. त्यांच्या चेहऱ्यावर सेन्सर लावले होते. आज ॲपमध्ये दिसणारा विंड चिल याच नव्या सूत्राचा आहे, आणि तो मुख्यतः चेहऱ्याचा, त्यातही उघड्या गालाचा आहे.

म्हणजे या आकड्याच्या पोटात काही गृहीतकं आहेत. माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालतोय, चेहरा कोरडा आहे, ऊन नाही. वाऱ्याचा वेग हवामान केंद्रात जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला आहे, आणि चेहऱ्याच्या उंचीवर तो त्याच्या दोन तृतीयांशच असतो. हे शेवटचं गृहीतक दुचाकीस्वारांच्या बाबतीत फसतं. ते पुढे येईलच.

किती आकडा आला की धोका?

कॅनडाचा हवामान विभाग विंड चिलवरून उघडी त्वचा गोठण्याची वेळ सांगतो. विंड चिल उणे २८च्या वर असेल, म्हणजे उणे २० किंवा उणे २५, तर हिमदंशाचा धोका कमी. उणे २८ ते उणे ३९ असेल तर १० ते ३० मिनिटांत त्वचा गोठू शकते. उणे ४० ते उणे ४७मध्ये ५ ते १० मिनिटांत, उणे ४८ ते उणे ५४मध्ये २ ते ५ मिनिटांत. त्याच्याही खाली गेलं की दोन मिनिटंसुद्धा नाहीत. ताशी ५० किलोमीटरपेक्षा जोराचा वारा सतत असेल तर याहूनही लवकर.

यातला लक्षात ठेवण्याचा उंबरठा म्हणजे उणे २८. पण इथेच एक गफलत होते. लोक हा एकच आकडा बघतात आणि तो कशाने तयार झाला ते बघत नाहीत.

सूत्र उलटं चालवून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. विंड चिल उणे २८पर्यंत जायला किती वारा लागेल? हवा उणे १० अंश असेल तर ताशी सुमारे १७० किलोमीटर. हे झालं चक्रीवादळ! हवा उणे १५ असेल तर ताशी सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे डोंगरधारेवर नेहमी भेटणारा वारा. उणे २० असेल तर ताशी १२ किलोमीटर पुरतात, झाडाची पानं हलतात एवढाच. आणि उणे २५ असेल तर ताशी ३ किलोमीटर, म्हणजे वारा जवळपास नाहीच असं म्हटलं तरी चालेल.

हवेचं तापमान पंधराच अंशांनी उतरलं, पण लागणारा वारा वादळापासून जवळपास शून्यावर आला. उणे १० आणि उणे २५ या दोन खुणांमध्येच सगळा खेळ आहे. स्वीडनचे संशोधक उल्फ डॅनियलसन यांनी १९९६मध्ये बोटांच्या हिमदंशाचा अभ्यास केला, तेव्हा तेही याच दोन आकड्यांवर पोहोचले होते. हवा उणे १०च्या वर असेल तर वारा कितीही असला तरी बोटांना हिमदंशाचा धोका थोडा. उणे २५च्या खाली असेल तर वारा कमी असला तरी धोका ठळक. गालासाठीचं सूत्र आणि बोटांवरचा अभ्यास या दोन वेगळ्या वाटा, पण दोन्ही एकाच ठिकाणी येतात, म्हणून या खुणांवर भरवसा ठेवता येतो.

तेव्हा ॲप उघडल्यावर 'फील्स लाइक'कडे डोळे जाण्याआधी साधं तापमान बघायला हवं. ते उणे १०च्या वर असेल तर वाऱ्याचा आकडा कितीही भयंकर दिसो, त्रास होईल, पण कोरडी त्वचा गोठण्याची शक्यता कमी. उणे १० ते उणे २५च्या पट्ट्यात असेल तर निकाल वारा लावतो, आणि विंड चिलचा आकडा खऱ्या अर्थाने इथेच उपयोगी पडतो. उणे २५च्या खाली असेल तर वारा नाही म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

शिकागोचा बसथांबा

आता पुन्हा त्या सकाळकडे जाऊ. हवा उणे ३१, विंड चिल उणे ४७. या दोन आकड्यांवरून वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर निघतो. कॅनडाच्या तक्त्यात हा आकडा ५ ते १० मिनिटांच्या पट्ट्याच्या अगदी तळाशी बसतो.

समजा, एक विद्यार्थी कॉलेजला जायला निघाला. जाकीट जाड आहे, टोपी आहे, पण तोंडावर काही नाही. थांब्यापर्यंत चार मिनिटं चालला आणि बससाठी आठ मिनिटं उभा राहिला. एकूण बारा मिनिटं. त्याला थंडीने कुडकुडल्यासारखं वाटणारही नाही, कारण जाकिटाच्या आत तो उबदार आहे. पण गाल आणि नाकाचा शेंडा मर्यादा ओलांडून गेलेले असतील.

हाच मुलगा थांब्यावर उघड्यावर न थांबता भिंतीच्या आडोशाला उभा राहिला, जिथे वारा ताशी ५ किलोमीटरवर आला, तर विंड चिल येतो उणे ३७. म्हणजे तो ५ ते १० मिनिटांच्या पट्ट्यातून १० ते ३० मिनिटांच्या पट्ट्यात गेला. हवा तेवढीच, उणे ३१. फक्त आडोसा मिळाला आणि वेळ दुप्पट-तिप्पट झाली. धोका मात्र संपला नाही, कारण हवा उणे २५च्या बरीच खाली आहे.

उलटंही होतं. उंच इमारतींच्या मधल्या गल्ल्यांत वारा कोंडून जोरात वाहतो. विमानतळाच्या मोकळ्या मैदानात मोजलेला वारा आणि चौकातल्या कोपऱ्यावरचा वारा एक नसतो. ॲपला तो कोपरा माहीत नसतो.

लडाखची बाइक, केदारकंठाचा माथा

वाऱ्याचा वेग म्हणजे फक्त निसर्गाचा वारा नव्हे. माणूस स्वतः वेगात असेल तर तो आपला वारा आपणच तयार करतो. लडाखमध्ये हिवाळ्याच्या पहाटे हवा उणे १५ आहे आणि वारा पूर्ण पडलेला आहे असं समजा. ॲपवर 'फील्स लाइक'सुद्धा उणे १५च दिसेल. त्यात कुणी ताशी ४० किलोमीटर वेगाने बाइक काढली, तर काय?

सरळ गणित केलं तर विंड चिल उणे २७ येतो, उंबरठ्याच्या जरासा अलीकडे. पण इथे ते दहा मीटरचं गृहीतक आडवं येतं. सूत्र धरून चालतं की केंद्रावर ४०चा वारा असेल तर तोंडावर त्याचा दोन तृतीयांशच येतो. बाइकवर पूर्ण ४० तोंडावर येतो. म्हणजे सूत्रात ६०चा वारा टाकायला हवा. तसं केलं की आकडा येतो उणे २९ ते उणे ३०. उंबरठा ओलांडला. ॲप उणे १५ सांगत असताना हेल्मेटची काच वर करून चाललेल्या माणसाच्या गालाला अर्ध्या तासाची मुदत लागलेली असते. स्कीइंगला आणि बर्फावरच्या स्कूटरला हेच लागू.

ट्रेकची गोष्ट थोडी वेगळी. केदारकंठाला जाणारे बहुतेक जण ॲपमध्ये सांकरी गाव टाकतात. सांकरी सुमारे १,९५० मीटर उंचीवर आहे आणि माथा सुमारे ३,८०० मीटरवर. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे गावात शून्य अंश दिसत असेल तर माथ्यावर उणे १२ धरायला हवेत. पहाटे माथ्यावर पोहोचताना ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर विंड चिल होतो उणे २३. कॅनडाच्या तक्त्याप्रमाणे हे अजून 'धोका कमी'मध्ये बसतं. पण तापमान वाऱ्याच्या पट्ट्यात उतरलेलं आहे. गावात शून्याऐवजी उणे ५ असेल तर माथ्यावर उणे १७, आणि मग त्याच वाऱ्यात सुरक्षित बाजू उरत नाही.

शिवाय हे सगळं कोरड्या त्वचेबद्दल झालं. ओली त्वचा वेगळी वागते. पाणी वाळताना ऊब घेऊन जातं, त्यामुळे घामाने भिजलेले हातमोजे किंवा तोंडावरची ओली पट्टी तव्याचा नियम मोडते. धातूचंही तसंच: कडाक्याच्या थंडीत उघड्या हाताने धरलेली बर्फाची कुऱ्हाड हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने ऊब ओढते. स्टोव्हचं पेट्रोल किंवा स्पिरिट याहून वाईट. उणे २० अंशांतही ते द्रवच राहतं. म्हणजे हातावर सांडलं तर उणे २० अंशांचा द्रव थेट त्वचेवर पडतो आणि वर वेगाने उडूनही जातो. अशा वेळी विंड चिल बघण्यात काही हशील नाही.

तिसरा आकडा: त्वचेचं तापमान

हवा आणि वारा हे बाहेरचे आकडे. खरा निकाल त्वचेच्या तापमानावर लागतो. आणि तो मधल्या काही पायऱ्या उतरत जातो.

बत्तीस-तेहतीस अंशांवरून त्वचा गार होत सुमारे १५ अंशांवर आली की ती दुखू लागते. बोटं ठसठसतात, गालाला सुया टोचल्यासारखं होतं. हे त्रासदायक असलं तरी चांगलं लक्षण आहे, कारण मज्जातंतू अजून काम करतायत. त्वचा ७ ते १० अंशांच्या दरम्यान आली की ते काम थांबतं. दुखणं बंद होतं, बधिरपणा येतो.

नेमकी इथेच माणसं फसतात. 'आता सवय झाली, आता दुखत नाही' असं म्हणत पुढे चालत राहतात. प्रत्यक्षात ऊब परत आलेली नसते, सूचना देणारी घंटा बंद पडलेली असते. यापुढे शून्याखाली जाईपर्यंत शरीर काहीही सांगणार नाही.

त्वचेतलं पाणी शुद्ध नसतं, त्यात क्षार असतात. त्यामुळे ते शून्यावर नाही, उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठायला हवं. प्रत्यक्षात कोरडी त्वचा त्याच्याही खाली जाऊन न गोठता टिकते आणि मग एकाएकी गोठते. डॅनियलसन यांच्या हिशोबात त्वचेचं तापमान उणे ४.८ अंशांवर आलं की शंभरातल्या पाच जणांना हिमदंश होतो. हाच उणे ४.८ आकडा २००१च्या सूत्रावरून त्वचा गोठण्याची वेळ काढताना वापरला गेला.

याचा अर्थ समजून घ्यायला हवा. तक्त्यातली '१० मिनिटं' ही सरासरी माणसाची नाहीत. ज्यांना लवकर होतं अशा थोड्या लोकांची ती वेळ आहे. म्हणून उणे ४०मध्ये पंधरा मिनिटं फिरून आलेला मित्र 'मला तर काही झालं नाही' म्हणतो, ते खरं असू शकतं. आणि सिगारेट ओढणाऱ्याला, मधुमेह असलेल्याला, आधी कधी हिमदंश झालेल्याला किंवा दारू प्यालेल्याला तक्त्यापेक्षा लवकर झालं, तर तेही आश्चर्याचं नाही.

मग हा आकडा मोजायचा कसा? घरोघरी आलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. तो तापासाठी बनवलेला असतो, गारठलेला गाल दाखवला तर बहुतेक वेळा आकडाच देत नाही. स्मार्टवॉचचा सेन्सर पट्ट्याखाली, बाहीच्या आत, उबेत असतो. त्याला नाकाच्या शेंड्याचं काही कळत नाही. त्यामुळे बाहेर असताना त्वचेचं तापमान ओळखण्याच्या खुणा दोनच. एक स्वतःची जाणीव: दुखत होतं ते थांबलं का? दुसरी सोबत्याची नजर. आपला गाल आपल्याला दिसत नाही.

सोबत्याने काय बघायचं? गालावर, नाकावर, कानाच्या पाळीवर एखादा फिकट डाग. इंग्रजी माहितीपत्रकांत तो 'पांढरा' म्हणून दिलेला असतो, पण सावळ्या त्वचेवर तो पांढराशुभ्र दिसेलच असं नाही. राखाडी, पिवळट किंवा मेणचट दिसतो, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा निस्तेज. त्या जागी बोटाने हलकेच दाबलं तर मऊ लागते की कडक, हे महत्त्वाचं. मऊ असेल तर बहुधा वरवरचा गारठा आहे, ज्याला फ्रॉस्टनिप म्हणतात. आडोशाला जाऊन उघडा, कोरडा, उबदार तळहात त्यावर ठेवला की काही मिनिटांत रंग आणि जाणीव परत येते, झिणझिण्या येतात. जाणीव परत आली नाही किंवा त्वचा लाकडासारखी कडक लागली, तर ट्रेक असो वा कॉलेज, दिवस तिथेच संपला.

झालाच, तर?

गोठलेला भाग चोळायचा नाही. बर्फाने चोळण्याचा सल्ला अजूनही फॉरवर्डमध्ये फिरतो. तो चुकीचा आहे, कारण आतले बर्फाचे कण घासून ऊती आणखी फाटतात. शेकोटी आणि हीटरही नको. बधिर बोटांना चटका कळत नाही आणि हिमदंशावर भाजल्याची जखम होते. आतमध्ये पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा. बाळाच्या आंघोळीच्या पाण्याएवढं कोमट, ते तपासायचं दुसऱ्याच्या न गारठलेल्या कोपराने. पाणी निवेल तसं कोमट घालत राहायचं. ऊब परत येताना खूप दुखतं आणि ते अपेक्षित आहे.

एक अपवाद मात्र आहे आणि डोंगरात तो फार महत्त्वाचा. सुटका व्हायच्या आधी तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मुद्दाम वितळवायचा नाही. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या ऊतींचं नुकसान गोठूनच राहिलेल्या ऊतींपेक्षा जास्त होतं. पाय गोठले असतील तर त्याच पायांनी खाली उतरून रुग्णालय गाठणं, हे तंबूत गरम करून सकाळी पुन्हा बर्फात पाय टाकण्यापेक्षा बरं.

गंभीर हिमदंशासाठी फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयलोप्रोस्ट या औषधाला मान्यता दिली. ते शिरेतून देतात, रक्तवाहिन्या रुंद करतं आणि बोटं कापावी लागण्याची शक्यता कमी करतं. पण अशा उपचारांचा उपयोग लवकर सुरू झाले तरच होतो. फोड आले असतील, बोट काळंनिळं पडलं असेल किंवा ऊब देऊनही बधिरच राहिलं असेल, तर रात्र काढून सकाळी बघू म्हणण्याऐवजी त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं, आणि त्वचा साधारण किती वाजता बधिर झाली होती, ती वेळ डॉक्टरांना सांगायला हवी.